पहिल्या फिट सॅम्पलवरच्या दुरुस्त्या : कुर्ता के-११७, साइज एम

पुणे, २० जून

प्रति,
मास्तर, सॅम्पल रूम, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

कुर्त्याचं पहिलं सॅम्पल मिळालं. शाळा उघडायच्या दिवसांत तुमच्याकडे युनिफॉर्मचा धडाका असतो, त्यातून वेळ काढून सॅम्पल पाठवलंत, आभार. बाहीच्या मोहरीची आणि खालची दुमड एकदम सुरेख आली आहे, कुठे पीळ नाही. ज्या ताईंनी ती मारली त्यांनाच पुढचं सॅम्पल द्या.

कुर्ता आला तसा मोजला, मग साध्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, हलकी इस्त्री करून पुन्हा मोजला. खालची मापं धुतल्यानंतरची आहेत, कारण टेकपॅकमधली मापंही धुतल्यानंतरचीच आहेत. सगळी इंचात. छाती, कंबर आणि हिप कुर्ता सपाट ठेवून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत.

| माप | ठरलेलं | आलेलं | फरक | टॉलरन्स |
|---|---|---|---|---|
| उंची (खांद्यापासून) | ४४ | ४२⅝ | −१⅜ | ±½ |
| छाती (मुंढ्याखाली १ इंच) | २० | १९¾ | −¼ | ±¼ |
| कंबर | १८½ | १८¼ | −¼ | ±¼ |
| हिप | २१½ | २०¾ | −¾ | ±¼ |
| शोल्डर | १४½ | १४⅞ | +⅜ | ±⅛ |
| मुंढा (सरळ) | ८½ | ८ | −½ | ±⅛ |
| बाहीची उंची | १७ | १६¾ | −¼ | ±¼ |
| मोहरी | ५½ | ५⅜ | −⅛ | ±⅛ |
| गळ्याची रुंदी | ७ | ७½ | +½ | ±⅛ |
| खिशाचं तोंड | ६½ | ६ | −½ | ±⅛ |
| चाक, डावा / उजवा | १४ / १४ | १४ / १३½ | ० / −½ | ±⅛ |

एक विनंती. हा तक्ता कटिंग टेबलवर ठेवून प्रत्येक रकान्यात फरकाइतकं वाढवू-घटवू नका. चुका कमी आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

पहिलं कारण कापड. धुण्याआधी उंची बरोबर ४४ होती, म्हणजे बेतताना चूक झाली नाही. कापड उभ्या धाग्यात साधारण ३ टक्के आणि आडव्यात सव्वा टक्का आटलं. युनिफॉर्मचं पॉलिस्टर-व्हिस्कोस धुतल्यावर फारसं हलत नाही, त्याच सवयीने हे सुती कापडही सरळ बेतलं गेलं असावं. दुसऱ्या सॅम्पलसाठी आटण्याची जागा पॅटर्नमध्येच धरा: उंची ४५⅜, छाती २०¼, हिप २१¾, आणि बाकीचं याच हिशेबाने. पण हे आकडे या लॉटपुरतेच. प्रॉडक्शनचं कापड येईल तेव्हा प्रत्येक लॉटमधून एक तुकडा घ्या, त्यावर ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, धुऊन-वाळवून पुन्हा मोजा आणि ते दोन आकडे मला कळवा. त्याशिवाय मार्कर लावू नका.

दुसरं कारण मुंढ्याची शिलाई. शोल्डर ३ सूत जास्त आणि मुंढा अर्धा इंच कमी, म्हणून दोन वेगळ्या दुरुस्त्या कराव्यात असं वाटेल. तसं नाही. कुर्ता उलटा करून आतून मोजलं, तर मुंढ्यावर मार्जिन पाव इंचच गेलं आहे. पॅटर्नमध्ये अर्धा इंच आहे. प्रत्येक बाजूला पाव इंच कापड जास्त राहिलं, त्यामुळे खांदा बाहेर सरकला आणि काखेत मुंढा वर चढला. मॉडेलने हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो, तो यामुळेच. मुंढ्याचा पॅटर्न खोल करू नका, अर्ध्या इंचावर शिवा, बाकी सगळं जागेवर येईल.

याच संदर्भात बाही. तक्त्यात ती टॉलरन्समध्ये दिसते, पण तिच्यावर विसंबू नका. कमी मार्जिनमुळे ती पाव इंच वाढली आणि आटण्याने अर्धा इंच घटली, म्हणून फरक लहान दिसतो. मार्जिन सुधारलंत आणि आटण्याची जागा दिली नाहीत, तर बाही साडेसोळावर येईल. पॅटर्नमध्ये साडेसतरा हवी.

हिपला कापडामुळे पाव इंच गेला, उरलेला अर्धा इंच खिशाने खाल्ला. खिसा लावताना बाजूची शिलाई खिशाच्या तोंडाखालून चाकापर्यंत पाऊण इंचावर गेली आहे. बाजूला वरपासून खालपर्यंत अर्धाच इंच घ्या. पिशवी जोडताना शिलाई आत सरकू नये म्हणून तोंडाच्या दोन्ही टोकांना खाच द्या. तोंड साडेसहा हवंच. सहामध्ये माझी मूठ अडकते, आणि माझा हात काही मोठा नाही. मोबाइल ठेवता येईल असा खिसा आहे म्हणून बायका हा कुर्ता घेतात, त्यामुळे या मापात तडजोड नको. पिशवीचं वरचं टोक कमरेच्या शिलाईत अडकवा, आता ती मोबाइलच्या वजनाने चाकातून खाली डोकावते.

गळा पसरला आहे. रुंदी अर्धा इंच जास्त, आणि मागे मानेशी कापड उभं राहतं. गळा कापल्यावर त्यावर लगेच एक साधी शिलाई मारून घ्या, काठापासून दोन सूत आत, आणि ती मारेपर्यंत तुकडा हँगरवर लटकवू नका. पायपिंगची पट्टी पक्क्या उरेबातच काढा. आताची पट्टी अर्धवट तिरपी आहे, म्हणून डाव्या खांद्याजवळ वळते.

प्लॅकेट सरळ आहे, मधोमध आहे. फक्त खालच्या चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात कापडाची बारीक चुणी आली आहे आणि तिच्याशेजारून दोन धागे निघाले आहेत. कोपऱ्याची चीर शिलाईच्या पुढे एक सूत गेली आहे. चीर शिलाईच्या एक धागा अलीकडे थांबवा, आणि त्या जागी आतून बोटाच्या पेराएवढं फ्युजिंग चिकटवा. धुतल्यावर हाच कोपरा पहिला फाटतो. बटणांमधलं अंतर दीड इंच ठेवा. तुम्ही पावणेदोन घेतलंत, म्हणून पाचवं बटण चौकोनावर बसलं आणि त्याचा काज चार थरांतून काढावा लागला.

उजवा चाक अर्धा इंच लहान आहे. दोन्ही चाकांची खाच एकदम, तुकडे एकावर एक ठेवून द्या.

शिलाईत इंचाला ९ टाके आहेत, १२ करा. सुई १४ नंबरची वापरलेली दिसते, कारण टाका उसवला तर भोक तसंच राहतं. या कापडाला ११ नंबर पुरे. ओव्हरलॉकचा पांढरा धागा निळ्या कुर्त्याच्या चाकातून दिसतो, तिथे गडद निळा घ्या.

सॅम्पल परत पाठवते आहे. चुकीच्या जागी लाल टेप लावली आहे, खांद्यावर टाचण्या आहेत, उघडताना जपून. ते उसवून दुरुस्त करू नका, तसंच जपून ठेवा आणि दुसरं नव्याने बेता. साइज एमच, एकच नग. त्यासोबत दुरुस्त केलेला पॅटर्न आणि धुण्याआधीची व नंतरची तुमची मापं पाठवा. मोजण्याआधी कुर्ता इस्त्री करून तासभर पसरून ठेवा, टेपने ओढू नका.

५ जुलैपर्यंत मिळालं तर बरं. ते पास होईपर्यंत साइज सेटचं ग्रेडिंग सुरू करू नका. खिशाबद्दल शंका असेल तर सकाळी ११ नंतर फोन करा, व्हिडिओवर समोरासमोर दाखवते.

आपली,
मृणाल
डिझाइन विभाग