कॉटखालची पिशवी – चॅनल ट्रेलरची स्क्रिप्ट

(शूटिंग रूमवरच करायचं, रविवारी संध्याकाळी, खरा अंधार पडायला लागला की. लाइट ट्यूबलाइटचाच ठेवायचा, रिंगलाइट नको, कारण बघणाऱ्याची रूम अशीच असते. कॅमेरा रूममेट धरणार. एकूण चार मिनिटांच्या आसपास. जिथं मी बोलते तिथं "मी" लिहिलंय, आणि बोलताना पाठ केल्यासारखं बोलायचं नाही, आईशी फोनवर बोलतो तसं बोलायचं.)

०:००
दृश्य: मेसचं दार. कुलूप. जिन्यावरून चपलांचा आवाज, दोन पोरं येतात, कुलूप बघतात, तशीच वळतात. मेसचं नाव, बोर्ड काही दिसू द्यायचं नाही, फक्त कुलूप.

मी (फक्त आवाज): रविवार, रात्रीचे आठ. मेस बंद. दर रविवारी रात्री बंदच असते, आपल्याला माहिती असतं, तरी आपण जातोच.

०:१२
दृश्य: रूम. टेबलावर उघडं पुस्तक, चार्जर, बिस्किटाचा रिकामा पुडा. कॅमेरा हळूहळू खाली येतो, कॉटच्या खाली, तिथं धुळीत एक कापडी पिशवी, तोंडाला सुतळी. घाई करायची नाही, पाच सेकंद पूर्ण त्या पिशवीवर थांबायचं.

मी (आवाज): आणि ही पिशवी. ही तुमच्याकडं पण आहे, मला माहितीये. दिवाळीला घरून निघताना आईनं दिली, नाहीतर एसटीनं पाठवली, कंडक्टर काकांना सांगून, आणि आपण स्टँडवर जाऊन आणली आणि कॉटखाली सरकवली.

०:२८
दृश्य: मी जमिनीवर मांडी घालून, पिशवी पुढ्यात. कॅमेऱ्याकडं बघून.

मी: नमस्कार. मी वसमतकडची, हिंगोली जिल्हा. अकरावी-बारावी लातूरला केली, आता डिग्रीसाठी छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे चार वर्षं झाली रूमवर राहायलीय. लातूरला सकाळी साडेसहाचा क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, रात्री टेस्टचा अभ्यास, आणि या सगळ्यात जेवण म्हणजे जे मिळंल ते, मिळंल तेव्हा. दोन वर्षांत माझं वजन कमी झालं, केस गळायले, आणि घरी गेले की आई ताटात वाढत राहायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं मला लै लागायचं.

(इथं थोडं थांबायचं. म्युझिक नको.)

मी: आणि त्या दोन वर्षांत कॉटखाली ही पिशवी होतीच. तिच्यात सगळं होतं. मला फक्त त्याचं काय करायचं ते माहिती नव्हतं.

०:५८
दृश्य: सुतळी सोडते. एकेक वस्तू बाहेर, जमिनीवर पेपरवर मांडत. जवळून शूट, हात दिसले पाहिजेत. डब्यांची झाकणं उघडताना आवाज येऊ द्यायचा.

मी: हे बघा. ज्वारीचं पीठ. तूरडाळ. शेंगदाणे. काळा मसाला, आमच्याकडं वर्षाचा एकदाच होतो. चिंच. हळद, ही आमच्या वसमतचीच, तिला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तेव्हाच लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला पण मिळाला. म्हणजे लोकं ज्याला नाव देऊन विकत घ्यायलेत ते आपल्या कॉटखाली पडलंय, आणि आपण वर बसून दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा खायलोय.

दृश्य: शेवटची बरणी. जॅमची जुनी काचेची, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, त्याला रबर. रबर काढताना एकदम जवळून. आत तपकिरी पीठ.

मी: आणि हे येसर.

१:२८
दृश्य: इंडक्शन जमिनीवर, स्टीलचं सपाट बुडाचं पातेलं. कोपऱ्यात घड्याळ, मोबाइलचं, चालू केलेलं. हे घड्याळ शेवटपर्यंत दिसत राहणार, एडिटिंगमध्ये काढायचं नाही.

मी: ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, येसर म्हणजे धान्यं आणि डाळी खरपूस भाजून मसाल्यासोबत दळून ठेवलेलं पीठ. आपल्या मराठवाड्यातल्या लग्नात पंगतीला जी आमटी असते, भाकरी कुस्करून खायची ती, ती याची. मी पहिल्यांदा रूमवर केली तेव्हा पाणी उकळलं आणि येसर त्याच्यात सरळ टाकलं, आणि सगळ्या गाठी. पातेलंभर गाठी. रात्रीचे साडेनऊ झालेले, दुसऱ्या दिवशी फिजिक्सची टेस्ट, मी रडायलीच. आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं माय, आधी गार पाण्यात कालव की. गार पाण्यात गाठ होत नाही." एवढंच. एवढं एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोन वर्षं उपाशी झोपले नसते.

दृश्य: वाटीत दोन मोठे चमचे येसर, गार पाणी, चमच्यानं कालवते. वरून शूट, गाठ नाही हे दिसलं पाहिजे. मग पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. लसूण लाल होईपर्यंत कट नको. हळद, थोडा काळा मसाला, दोन वाट्या पाणी. पाण्याला उकळी आल्यावर कालवलेलं येसर ओतते, सतत हलवत. मीठ.

मी (हलवता हलवता): सतत हलवायचं, हात थांबवायचा नाही, बुडाला धरतं. आणि आत्ता पातळ वाटंल, वाटू द्या, गार होताना घट्ट होते, म्हणून आणखी येसर टाकायची घाई करायची नाही.

दृश्य: आमटी रटरट उकळतेय. वाफेनं लेन्स धूसर होते, होऊ द्यायची, पुसायची नाही.

२:२२
मी: तर हे चॅनल याच्यासाठी आहे. एक पातेलं, एक इंडक्शन, आणि घरून आलेली पिशवी. बाजारातून आणायचं म्हणलं तर कांदा, मिरची, लसूण, लिंबू, बस. ओव्हन नाही, मिक्सर नाही, कारण बहुतेक रूममालक गॅस सुद्धा ठेवू देत नाहीत आणि त्यांचं पण बरोबर आहे. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगणार किती भांडी लागतील, किती वेळ लागंल. आणि वेळ म्हणजे खरा वेळ, कोपऱ्यात घड्याळ चालू राहणार, कांदा चिरायचा वेळ त्यात, आणि भांडी घासायचा पण त्यात. कारण आपण स्वयंपाक टाळतो तो बहुतेकदा घासायच्या कंटाळ्यानं टाळतो, आणि पंधरा मिनिटांची रेसिपी म्हणून सांगतात तेव्हा ते कुणी मोजतच नाही.

२:४८
दृश्य: पटापट तुकडे, दोन-दोन सेकंदांचे, फक्त खरे आवाज.
– चाळणीत मुरमुरे, नळाखाली धरले, लगेच दोन्ही हातांनी पिळले.
– फोडणीत शेंगदाणे तडतडतात, हळद, पिळलेले मुरमुरे, वरून डाळव्याचं कूट.
– शिळ्या पोळीच्या कणकेचे तुकडे उकळत्या वरणात पडतात.
– ओल्या फडक्यावर धपाटं थापणारा हात, मध्ये बोटानं पाडलेली भोकं.
– कुकरची शिट्टी.

मी (आवाज): सकाळी क्लासच्या आधी सुशीला, मुरमुरे भिजवायचे नाहीत, नुसते ओले करून पिळायचे, नाहीतर लगदा होतो. आदल्या रात्रीची कणीक उरली तर वरणफळं. परीक्षेच्या आठवड्यात धपाटे, कारण दुसऱ्या दिवशी पण चालतात, पुस्तक वाचत वाचत एका हातानं खाता येतात. मुगाच्या डाळीची खिचडी, वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, ही ज्यानं आजपर्यंत चहा सुद्धा केला नाही त्याला पण जमती. आणि भाकरी. भाकरीचा व्हिडिओ वेगळा, मोठा करणार, कारण ती एका दिवसात येत नाही आणि येती म्हणून सांगणं खोटं आहे. माझी पहिली नीट फुगलेली भाकरी यायला सव्वा महिना लागला.

(ही ओळ कट करायची नाही. पोरं भाकरीलाच घाबरून पीठ तसंच पडू देतात, आणि पिठाला जाळी धरते.)

मी: पोरांनो, हे तुमच्यासाठी पण आहे बरं का. माझा भाऊ पुण्याला आहे, तो फोनवर म्हणतो ताई मला कुणी शिकवलंच नाही. खरंय ते. घरी त्याला कधी कुणी पातेल्याजवळ उभं केलं नाही. तर भाऊ, आणि तुझ्यासारखे सगळे, इथून सुरू करा. सुरी कशी धरायची इथून.

३:२५
दृश्य: रूममेट केटलमध्ये पाणी ठेवते.

मी: एक गोष्ट आत्ताच सांगते, केटलमध्ये फक्त पाणी. फोडणी, तेल, दूध काही नाही, कॉइल जळते आणि शॉक लागायची भीती असते. आणि इंडक्शनला ॲल्युमिनियमचं पातेलं नवीन घेऊ नका, तापतच नाही. बुडाला चुंबक लावून बघा, चिकटलं तर ते भांडं चालतं.

३:३८
दृश्य: जमिनीवर पेपर. दोन ताटं, भात, वर आमटी, बाजूला कच्चा कांदा हातानं फोडलेला, शेंगदाण्याची चटणी. कोपऱ्यातलं घड्याळ: २३ मिनिटं. आम्ही दोघी जेवायला बसतो. पहिला घास घेताना कुणी कॅमेऱ्याकडं बघायचं नाही.

मी (खाता खाता): नवीन व्हिडिओ दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता. शनिवारी यासाठी की रविवारी रात्री मेस बंद असते, आणि तोपर्यंत तुमच्याकडं लसूण आणून ठेवलेला पाहिजे. सबस्क्राइब करा, म्हणजे आठवण येईल.

३:५२
दृश्य: जवळून. येसरच्या बरणीला परत प्लास्टिकचा कागद, रबर, झाकण. बरणी यावेळी कॉटखाली नाही, टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी ठेवते.

मी: आता उठा आणि तुमची पिशवी बाहेर काढा. काय काय निघालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, अगदी ओळखू येत नसलेली पुडी असंल तरी लिहा, रंग सांगा, वास सांगा. पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच करीन.

४:०५
दृश्य: फोन वाजतो. स्क्रीनवर "आई". मी खरकट्या हातानंच, करंगळीनं उचलते.

मी: हां आई. जेवायलोय. येसर केलं. ...नाही, गाठी नाही झाल्या.