तिसऱ्या मजल्यावरचे दोन जोशी

रात्री साडेबाराच्या सुमारास सुहास तिसरे पार्सल घेऊन निघाला, तेव्हा दुचाकीच्या हँडलला अडकवलेल्या फोनवर अठरा टक्के बॅटरी शिल्लक दिसत होती. उरलेल्या तीन पत्त्यांना तेवढी पुरेल असा त्याचा हिशेब होता. परंतु बॅटरी जुनी झाली की असल्या हिशेबाला फारसा अर्थ राहत नाही. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि नकाशा, पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा व सतत नेटवर्क शोधणारे सिम यांचा भार एकदम पडला की व्होल्टेज घसरते, मग आकडा काहीही दाखवत असो, फोन स्वतःला बंद करून घेतो. त्यात त्या रात्री थंडीही होती. इमारतीच्या फाटकापाशी गाडी उभी करता करता पडदा काळा झाला तो झालाच. गाडीवरचे चार्जिंगचे सॉकेट पावसाळ्यातच निकामी झाले होते आणि ते बदलून घेण्याचे रोज उद्यावर जात होते.

पिशवीतले पाकीट औषधाचे होते. आत इन्सुलिन होते, भोवती गोठवलेल्या जेलच्या पिशव्या होत्या आणि वर ‘थंड ठेवा’ अशी चिकटपट्टी होती. पाकिटावर आडनाव आणि इमारतीचे नाव एवढेच छापलेले होते. घराचा क्रमांक, फोन नंबर आणि पार्सल सोपवल्याची नोंद करण्याची सोय हे सारे ॲपमध्ये, म्हणजे आता त्या काळ्या काचेमागे होते. कार्यालयातल्या रात्रपाळीच्या माणसाला कळवावे, तर त्याचा नंबरही फोनमध्येच. सुहासला तोंडपाठ असलेला एकमेव नंबर त्याच्या आईचा होता आणि ती या बाबतीत काहीच करू शकली नसती.

जिन्यापाशी नावांची पाटी होती. तिच्यावर जोशी दोन होते, दोघेही तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोर. वर गेल्यावर एका दाराखालून उजेडाची रेघ दिसली, दुसरीकडे अंधार होता. ज्या घरात माणूस जागा आहे त्या घराची बेल वाजवावी, एवढाच विचार करून त्याने बटण दाबले.

साखळी न काढता दार किंचित उघडले. पासष्टीच्या आसपासच्या एका बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

“कोण हवंय?”

“माफ करा काकू, एवढ्या रात्री त्रास देतोय. जोशींचं औषधाचं पार्सल आहे. माझा फोन बंद पडलाय, त्यामुळे घर नंबर कळत नाहीये.”

“आम्ही काही मागवलेलं नाही. समोरच्यांचं असेल. ते एकटेच असतात, मधुमेह आहे त्यांना. पण रात्री कानातलं यंत्र काढून झोपतात. बेल वाजवून उपयोग नाही.”

“त्यांच्या घरच्यांपैकी कुणाचा नंबर आहे का तुमच्याकडे?”

काकू थोड्या थांबल्या. “मुलगा बाहेरगावी असतो. नंबर नाही माझ्याकडे,” त्या म्हणाल्या, आणि इतकी वर्षे समोरासमोर राहून तो आपल्याकडे नाही याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटल्यासारखे दिसले. “माझ्याकडे ठेवून जा ना. फ्रीज आहे. सकाळी देईन त्यांना.”

मोह पडण्यासारखीच सूचना होती ती. पण ज्याने मागवले त्याच्या फोनवर आलेला ओटीपी ॲपमध्ये भरल्याशिवाय औषध सोडायचे नाही, असा नियम होता. सुहासला तो एरवी जाचक वाटे. मात्र दोन जोशींच्या मधोमध उभे राहून त्यातले शहाणपण नाकारणे अवघड होते. त्याने तसे सांगितले. काकू आत गेल्या आणि पॉवर बँक घेऊन परतल्या. त्यांची मुलगी परदेशातून रात्री फोन करत असे आणि बोलता बोलता चार्ज संपू नये म्हणून ती हाताशी असायची.

केबल काकूंचीही होती, पण तिचे टोक जुन्या पद्धतीचे निघाले. सुहासने पिशवीच्या तळातून स्वतःची केबल शोधून काढली आणि फोन जोडला. पॉवर बँकेवरचे चारही दिवे लागले. फोन मात्र ढिम्म. त्याने बटण दाबले, पुन्हा दाबले.

“घाई करू नका,” साखळीआडून काकू म्हणाल्या. “पार उतरलेला फोन लगेच उठत नाही. आणि एक टक्क्यावर चालू केलात, तर सुरू होता होताच परत बंद पडेल. थोडा भरू द्या. माझा झालाय असा.”

तो पायरीवर बसला. पाकिटावर हात ठेवून पाहिला. गारवा अजून होता. काही मिनिटांनी पडद्यावर बॅटरीचे चित्र उमटले. काकूंचे ऐकून तो पाच टक्क्यांपर्यंत थांबला आणि मगच त्याने फोन चालू केला. पॅटर्न काढताच संदेशांची रांग लागली. जोशींच्या मुलाने चार वेळा फोन केला होता. सुहासने त्याला लावला, तर पहिली घंटा पुरती वाजायच्या आत तो बोलू लागला.

“अहो, कुठे आहात? सकाळच्या डोसपुरतंही शिल्लक नाहीये बाबांकडे.”

“दारातच आहे साहेब. पण आजोबांना बेल ऐकू येत नाही.”

“दिवाणखान्यातला दिवा मला इथून लावता येतो, पण झोपेत त्यांना तो दिसणार नाही,” मुलगा म्हणाला. अखेर उपाय काकूंनी सुचवला. आजोबांची निजायची खोली त्यांच्या गॅलरीच्या शेजारीच होती. त्यांनी विजेरी घेऊन खिडकीच्या काचेवर प्रकाश उघडझाप करत ठेवला आणि थोड्या वेळाने समोरचे दार उघडले. आजोबा चिडलेले होते, आणि ते रास्तच होते. मुलाने फोनवरून सहा आकडे सांगितले, सुहासने ते भरले, पाकीट फ्रीजमध्ये गेले.

फोन आता नऊ टक्क्यांवर होता आणि दोन पार्सले बाकी होती.

“घेऊन जा ती,” काकू म्हणाल्या.

सुहासने गळ्यातले ओळखपत्र काढून पुढे केले. “हे ठेवा काकू. सकाळी पॉवर बँक परत करतो.”

असू द्या, त्याची काय गरज, असे त्या म्हणतील अशी त्याची अपेक्षा असावी. पण काकूंनी ओळखपत्र घेतले, दिव्याखाली धरून नाव वाचले आणि म्हणाल्या, “बरं. सहाच्या आत येऊ नका.” मग जरा घुटमळून त्यांनी विचारले, “त्यांच्या मुलाचा नंबर देता का मला?”

“तो मला देता येणार नाही. पण तुमची हरकत नसेल, तर तुमचा त्यांना कळवतो.”

काकूंनी एकेक आकडा सावकाश सांगितला.

सकाळी सव्वासहाला तो परत आला, तेव्हा कार्यालयात भरून आणलेल्या पॉवर बँकेचे बटण काकूंनी त्याच्यासमोरच दाबून चारही दिवे मोजले. मुलाचा फोन रात्रीच येऊन गेला होता; आजोबांच्या घराची एक किल्ली आता काकूंकडे राहणार होती. त्यांनी ओळखपत्र परत दिले.

“फोटो बदलून घ्या,” त्या म्हणाल्या. “यात दाढी नाही. मला दोनदा बघावं लागलं.”