शनिवारच्या गच्चीची गाणी, रात्री साडेनऊ ते एक

मंडळी, यादी पक्की. गाणी वीसच घेतलीत, सगळी नव्वदच्या दशकातली. एक गाणं सरासरी पाच मिनिटांचं धरलं तरी शंभर मिनिटं होतात, उरलेला वेळ गप्पांचा. पन्नास गाणी ठेवली की कोणीच ऐकत नाही, नुसता मागे आवाज चालू राहतो.

फोन पश्याकडे. वीसही गाणी आधी डाउनलोड कर, कारण गच्चीवर रेंज जाते आणि ऐन मुखड्यात जाहिरात घुसते. 'ऑटोप्ले' बंद ठेव. प्रत्येक गाण्याचं साल तपास: 'हम्मा हम्मा' 1995चं हवं, 2017चं नको. 'एक लडकी को देखा'ही 1994चं, 2019चं नाही. कव्हर, लो-फाय, स्लोड यांतलं काही चुकून आलं तर लगेच पुढे ढकल.

साडेनऊ ते दहा: मोठ्या आवाजात
हम्मा हम्मा (हिंदीतलं, रेमो फर्नांडिसचं), छैयाँ छैयाँ, चुरा के दिल मेरा, मेड इन इंडिया, धूम पिचक धूम, सपने में मिलती है. सहाच्या सहा नाचायची. दहाला मोठा स्पीकर बंद. नियम तसाच आहे, शिवाय दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावायला तेवढंच निमित्त पुरतं. नंतर छोटा ब्लूटूथ स्पीकर सतरंजीच्या मधोमध ठेवा, कठड्यावर नको. कठड्यावरून आवाज खाली सोसायटीत जातो आणि आपल्याला कमी ऐकू येतो.

दहा ते साडेअकरा: सोबत गायची
जंगल जंगल बात चली है (गुलझार आणि विशाल भारद्वाज, सुरुवात हिने, म्हणजे लाजणारेही तोंड उघडतात), ओ सनम, पुरानी जीन्स, डूबा डूबा, दिल है छोटासा, नजर के सामने, पहला नशा, एक लडकी को देखा.

'नजर के सामने'चं झंकार बीट्सवालं मुद्दाम ठेवलंय. वरून चिकटवलेला तो ढोलक एरवी असह्य, पण व्हिडिओ कोचच्या सहलीत आपण हेच ऐकलंय. बाकी कुठेही झंकार नको.

'पहला नशा' दरवेळी फसतं ते पट्टीमुळे. मुखडा खाली आणि मऊ आहे म्हणून सगळे आरामात वर धरतात, मग 'उडता ही फिरूँ'ला अर्धे गप्प आणि अर्धे किंचाळतात. मन्या गिटारवर आधी तीच ओळ गुणगुणून पाहील. ती सहज निघाली तर तीच पट्टी, नाहीतर दोन सूर खाली.

'एक लडकी को देखा'ची खरी अडचण पाठांतराची. तीन कडवी, प्रत्येकात सात 'जैसे', एकूण एकवीस. गुलाब, शायर, किरन इथपर्यंत सगळे पहिलवान. दुसरं कडवं सकाळ आणि थंडीतल्या उन्हापासून, तिसरं नाचणाऱ्या मोरापासून. तिथे मोर दुसऱ्यात शिरतो आणि गाणं कोसळतं. म्हणून कडवी वाटून दिलीत: पहिलं सगळ्यांनी, दुसरं सोनल आणि मन्याने, तिसरं ज्याला येतं त्याने. आर. डी. बर्मन यांचं हे शेवटच्या कामातलं. सिनेमा लागायच्या आधीच, जानेवारी 1994मध्ये, ते गेले. चुकत चुकत का होईना, पूर्ण म्हणा.

साडेअकरा ते साडेबारा: मराठी
एक झोका (चौकट राजा, 1991), आभाळमायाचं शीर्षकगीत, गारवा. तीनच, पण ती लागली की कोणी चहाला उठू नका; चहा साडेअकराच्या आधी. 'गारवा' पहिल्यापासून लावा. 'ऊन जरा जास्त आहे' हे सौमित्रचं बोलणं पुढे ढकलून थेट गाण्यावर उडी मारायची नाही, कारण मिलिंद इंगळेचा सूर त्या उकाड्यानंतरच अंगाला लागतो. 'आभाळमाया'ला देवकी पंडित गातात, आपण फक्त ऐकायचं. त्या पट्टीत आपल्यातलं कोणीही नाही, सोनलसुद्धा.

साडेबारा ते एक: शेवटची तीन
छोड आए हम वो गलियाँ (माचिस, 1996), मग के.के.च्या 1999च्या अल्बममधली दोन: यारों आणि पल. ही लवकर लावायची फर्माईश येईल. पश्या, नाही म्हण. ही वाजली की गप्पा थांबतात आणि पुन्हा चालू करायला अर्धा तास जातो. 'यारों' आधी, 'पल' नंतर; उलट केलं तर 'यारों'च्या ठेक्यावर कोणाचे हात वाजत नाहीत.

'तनहा दिल' 2000चं आणि 'दिल चाहता है' 2001चं, म्हणून दोन्ही बाहेर. यावर ग्रुपवर वाद नको, शनिवारी समोरासमोर घाला. आणि कोणीतरी तीन पिनचं एक्स्टेंशन आणा, गच्चीवर एकच प्लग चालतो.