कुत्र्या-मांजरांच्या मुक्कामाचे दर (1 नोव्हेंबर 2025 पासून)

भूगावच्या आमच्या घरी कुत्री-मांजरं मुक्कामाला ठेवतो, त्याचे हे नवे दर. गेली दोन वर्षं दर वाढवले नव्हते. या काळात चिकन, विजेचं बिल आणि मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार हे तिन्ही वाढलं, म्हणून आता वाढवावे लागताहेत. औषधं, पथ्याचं खाणं आणि लांबचा मुक्काम यांचे पैसे वेगळे का लागतात, हे बरेच जण फोनवर विचारतात. तेही इथेच लिहिते.

रोजचा दर

10 किलोपर्यंतचा कुत्रा: 550 रुपये
10 ते 25 किलो: 650 रुपये
25 किलोच्या वर: 800 रुपये
मांजर: 450 रुपये

वजन आणताना आमच्या काट्यावर करतो. एकाच घरची दोन जनावरं एका खोलीत राहणार असतील, तर दुसऱ्याला 100 रुपये कमी. सकाळी 11 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 11 हा एक दिवस. न्यायला संध्याकाळी 6 पर्यंत आलात तर अर्धा दिवस धरतो, त्यापुढे पूर्ण दिवस. दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत दर तेच राहतात, फक्त जागा लवकर भरते.

या दरात दोन वेळचं जेवण (चिकन-भात किंवा दूध न घालता अंडं-भात), तीन वेळा फिरवणं, रात्री घरात झोपण्याची जागा आणि दिवसातून एक फोटो येतो. आमच्याकडे पिंजरे नाहीत. मांजरांची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या खिडक्यांना जाळी आहे. कुत्र्यांना तिकडे जाता येत नाही.

औषधं

जेवणातून देता येणारी एक गोळी किंवा पातळ औषध, दिवसातून एकदा: पैसे नाहीत. त्याहून जास्त वेळा किंवा जास्त गोळ्या असतील तर दिवसाला 50 रुपये. डोळ्यांत किंवा कानात थेंब, जखमेचं ड्रेसिंग: दिवसाला 70 रुपये. इन्सुलिन, दोन वेळची सुई धरून: दिवसाला 150 रुपये. कातडीखाली सलाइन द्यायचं असेल तर दर खेपेला 250 रुपये, आणि ते मी स्वतःच देते, मावशींवर सोपवत नाही.

गोळी द्यायला पैसे कसले, असं वाटणं साहजिक आहे. पण गोळी वाटीत टाकली म्हणजे पोटात गेली असं नसतं. मागच्या पावसाळ्यात एक लॅब्रॉडॉर आला होता, फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ. भात चाटूनपुसून खायचा आणि गोळी तेवढी वेचून गादीच्या मागे नेऊन टाकायचा. दुसऱ्या दिवशी गादी झटकताना तिथे ओल्या, अर्धवट विरघळलेल्या दोन गोळ्या सापडल्या. फिटच्या गोळ्यांचा डोस चुकून चालत नाही, त्यामुळे माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. तेव्हापासून गोळी पनीरच्या गोळ्यात भरून हाताने देते, नंतर जबडा उघडून जिभेखाली पाहते आणि वहीत वेळ लिहिते. पैसे या वेळेचे आहेत.

इन्सुलिनवाल्यांना कळकळीची विनंती आहे. सिरिंज तुमच्याच आणा, आणि बाटलीवर 40 लिहिलं असेल तर 40 चीच, लाल टोपीची. 100 ची सिरिंज 40 च्या इन्सुलिनला लावली तर डोस कमी पडतो आणि साखर धोक्याइतकी चढू शकते. जनावर जेवलंच नाही तर मी ठरलेला डोस आपल्या मनाने देत नाही. आधी तुम्हाला आणि डॉक्टरांना विचारते. म्हणून दोन्ही नंबर लागणारे हवेत. डॉक्टरांची चिठ्ठी नसलेलं कुठलंही औषध मी देणार नाही, मग ते कितीही साधं असो.

पथ्याचं खाणं

तुम्ही तुमचा कोरडा खाऊ किंवा डॉक्टरांनी दिलेला मूत्रपिंडाचा, पोटाचा खाऊ आणलात तर वेगळे पैसे नाहीत, पण त्या बदल्यात रोजचा दर कमीही होत नाही. वेगळं शिजवावं लागणार असेल (चिकन चालत नाही म्हणून मासे, तेल-मीठ नसलेला भोपळा-भात, शाकाहारी घरातल्यांसाठी पनीर-भात), तर दिवसाला 100 रुपये, त्यात सामान आलं. हाताने भरवावं लागत असेल तर 80 रुपये. म्हाताऱ्या आणि नुकत्याच ऑपरेशन झालेल्या जनावरांना हे बहुतेक लागतंच.

मांजरांबद्दल एक सांगायलाच हवं. नव्या जागी मांजर पहिला दिवस पलंगाखाली काढतं, तोपर्यंत ठीक. पण दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर मी थांबत नाही, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतावर ते फार लवकर येतं, जाड मांजराच्या तर जास्तच. अशा वेळी भरवण्याचे पैसे आपोआप लागू होतील, आणि मी तुम्हाला त्याच दिवशी कळवीन.

डब्यात लाडू, चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण घातलेलं काही पाठवू नका. लाडाने पाठवलंत तरी मी ते देणार नाही.

लांबचा मुक्काम

बाकी ठिकाणी जास्त दिवस ठेवलं की सूट मिळते. आमच्याकडे 16 व्या दिवसापासून दिवसाला 60 रुपये जास्त लागतात, आणि दर पंधरा दिवसांनी आंघोळ-नखं यांचे 500 रुपये. यावर नाराजी होते हे मला माहीत आहे, तरी मी यावर ठाम आहे. पहिले आठ-दहा दिवस जनावर वाट पाहतं, संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसतं. त्यानंतर काही जण ते सोडून देतात, कोपऱ्यात पडून राहतात, पंजे चाटून चाटून लाल करतात. अशांना चौथं फिरणं लागतं, कुणीतरी अर्धा तास नुसतं शेजारी बसावं लागतं. 60 रुपयांत तेच होतं. महिनाभर राहणार असेल तर गोचिडांचं औषध मध्ये एकदा लावून घ्यावं लागतं. ते तुम्ही आणा, नाहीतर दुकानाच्या बिलाप्रमाणे.

हिशोब कसा होतो ते पाहा. 32 किलोचा, मधुमेह असलेला म्हातारा लॅब्रॉडॉर, वेगळं शिजवलेलं जेवण, 20 दिवस: मुक्कामाचे 16,000, इन्सुलिनचे 3,000, जेवणाचे 2,000, शेवटच्या पाच दिवसांचे 300, आंघोळीचे 500. एकूण 21,800 रुपये.

निम्मे पैसे आणताना, उरलेले नेताना. पंधरा दिवसांच्या वर मुक्काम असेल तर दर पंधरवड्याला हिशोब. डॉक्टरांकडे न्यावं लागलं तर त्यांचं बिल तुमचं आणि रिक्षाचं भाडं आमचं.

येताना लसीकरणाचं कार्ड लागेल: रेबीज आणि कुत्र्यांची एकत्रित लस वर्षाच्या आत दिलेली, मांजरांची तिहेरी लस. लस आदल्या दिवशी टोचून आणलीत तर चालणार नाही, कारण संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. माजावर असलेली कुत्री त्या दिवसांत ठेवता येत नाही. आणि तुमचा न धुतलेला एखादा टीशर्ट किंवा जुनी चादर नक्की आणा. पहिल्या रात्री त्याच्यावरच झोपतात.