नमुना पाठ : माठातलं पाणी गार कसं होतं?

पद : विज्ञान शिक्षक, माध्यमिक विभाग, सोलापूर
इयत्ता : सातवी
घटक : बाष्पीभवन
वेळ : १० मिनिटे

उद्दिष्ट एकच ठेवलं आहे. बाष्प होताना पाणी आजूबाजूची उष्णता घेतं, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगावं. व्याख्या पाठ करून घेणार नाही.

साहित्य : सारखे दोन तापमापी, सुती चिंधी, रात्रभर खोलीत ठेवलेलं पाणी, कापूस, स्पिरिट (बाटलीचं झाकण लगेच लावायचं, जवळ ज्योत नको).

पहिलं मिनिट : एका तापमापीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून दोन्ही पंख्याखाली ठेवायचे. आकडे फळ्यावर लिहून ठेवायचे. हे आधीच करावं लागतं, कारण पारा उतरायला चार-पाच मिनिटं लागतात.

पुढची दोन मिनिटं : "मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. माठ त्याच घरात असतो, मग त्यातलं पाणी गार कसं?" बहुतेक मुलं म्हणतील, "माती थंड असते म्हणून." ते उत्तर जसंच्या तसं फळ्यावर लिहायचं, लगेच चूक म्हणायचं नाही. लागलीच दुसरा प्रश्न : "मग मातीच्या कुंडीत कोरडा तांदूळ ठेवला तर तोही गार होईल का?"

पुढची चार मिनिटं हा पाठाचा गाभा आहे, इथे घाई करणार नाही. प्रत्येकाच्या मनगटावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. "काय वाटलं? स्पिरिट तर याच खोलीत ठेवलेलं होतं, बर्फातलं नव्हतं." मुलं फुंकर मारून पाहतील, मारू द्यावी. ओलं मनगट हळूहळू कोरडं होतं आणि गारवाही जातो, हे त्यांच्या तोंडून यायला हवं. मग दोन्ही तापमापी एका मुलीकडून वाचून घ्यायचे. ओल्या चिंधीतला पारा खाली आलेला दिसेल. आता सांगायचं : द्रवाच्या पृष्ठभागावरचे जास्त ऊर्जा असलेले कण निसटतात, मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते, म्हणून तापमान उतरतं. त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. 'बाष्पीभवन' हा शब्द फळ्यावर इथेच येईल, आधी नाही.

त्यानंतर दोन मिनिटं माठाकडे परत. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, पाणी पाझरून बाहेरचा भाग ओला राहतो आणि तिथून त्याचं बाष्प होतं. फळ्यावर माठाची आकृती, बाहेर जाणारे बाण. माती थंड नसते, ती पाणी बाहेर येऊ देते. सुरुवातीचं उत्तर ज्याने दिलं, त्यालाच ते फळ्यावर दुरुस्त करायला बोलवायचं.

शेवटचं मिनिट : दोन प्रश्न, वहीत एकेका वाक्यात उत्तर.
१. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गार करतो, मुंबईच्या दमट हवेत तितका नाही. का?
२. क्षार साचून जुन्या माठाची छिद्रं बुजली, तर पाण्याचं काय होईल?