डेटाबेस अपग्रेड बैठक: ११:०० ते ११:२७ पर्यंत काय झालं

मॅडम, बैठक चालूच आहे. कॅप्शनवरून जुळवून लिहितेय, पुढचं याच मेसेजच्या खाली जोडत जाईन. तुम्हाला एक प्रश्न येणार आहे, तो आधी वाचा.

तुमच्यासाठी: पोस्टग्रेस १३ वरून १६ वर जाताना रिपोर्टिंगचा लॉजिकल रेप्लिकेशन स्लॉट टिकत नाही. तो नव्याने बनवून रिपोर्टिंगच्या टेबलांची सगळी कॉपी पुन्हा करावी लागेल. रविवारी सकाळचे रिपोर्ट दुपारपर्यंत लांबले तर चालेल का, हे तुम्हाला विचारणार आहेत. तुमच्या टीमच्या वतीने अजून कोणीही होकार दिलेला नाही.

ठरलं: शनिवारी रात्री १ ते ३ डाउनटाइम. अपग्रेड `pg_upgrade --link` ने. लॉजिकल रेप्लिकेशनने हलवायचा पर्याय सोडला, कारण त्यात सिक्वेन्सची व्हॅल्यू पुढे जात नाही, शिवाय आपल्या दोन टेबलांना प्रायमरी की नाही.

लिंक मोडमध्ये फाइल कॉपी होत नाहीत, म्हणून १.४ टीबी असूनही वेळ कमी लागतो. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना क्लस्टर वापरता येत नाही. म्हणून जुना स्टँडबाय आधीच तोडून बाजूला ठेवायचा, परत फिरायचं तर तोच प्रायमरी करायचा. ॲप उघडल्यानंतर परत फिरलो तर मधल्या नोंदी जातील. तेव्हा हा निर्णय ॲप उघडण्याआधीच घ्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

अडलंय: ॲप नेमकं कधी उघडायचं. प्लॅनरची आकडेवारी अपग्रेडमध्ये सोबत येत नाही, म्हणून आधी हे चालवायचंय:

```
vacuumdb --all --analyze-in-stages
```

डीबीए म्हणतात, पहिला टप्पा संपला की उघडू. ॲप टीमला तिन्ही टप्पे हवेत, अर्धवट आकडेवारीवर मोठ्या जॉइनचा प्लॅन चुकतो म्हणून. मला ॲप टीमचं पटतं, पण अजून काही ठरलेलं नाही.

कॅप्शनवर भरवसा नको: बॅकअप रिस्टोअरला "१५ मिनिटं" असं उमटलंय. बोलणाऱ्यांनी पुढे "जवळपास तास" म्हटलं, म्हणजे बहुधा ५०. हा आकडा त्यांच्याकडून ऐकल्याशिवाय कुठे लिहू नका. कॉन्फरन्स रूममधल्या तिघांचं बोलणं एकाच नावाखाली येतंय, म्हणून मी नावांऐवजी टीम लिहिल्यात. ११:१४ च्या सुमाराला कॅप्शन मिनिटभर बंद होतं. तेव्हा मॉनिटरिंगबद्दल काहीतरी चाललं होतं, ते माझ्याकडे नाही.

११:३१ ची भर: ॲप उघडण्याचा वाद मिटला. तिन्ही टप्पे होऊ द्यायचे, मात्र २:४० पर्यंत संपले नाहीत तर दुसऱ्या टप्प्यावर उघडायचं. तालीम गुरुवारी, स्टेजिंगवर, पूर्ण आकाराच्या डेटावर.

११:३३: स्लॉटचा विषय आत्ता घेतायत. तुमचं नाव घेतलं, माइक चालू करा.