विषय: सदनिका बी-604 ची कथित थकबाकी 61,874 रुपये – बाबवार हिशोब मिळण्याबाबत

दिनांक: 10 ऑक्टोबर 2024

प्रति,
मा. सचिव व मा. खजिनदार,
व्यवस्थापक समिती

सस्नेह नमस्कार.

आपला 5 ऑक्टोबरचा ईमेल मिळाला. सदनिका बी-604 कडे 30 सप्टेंबर 2024 अखेर 61,874 रुपये येणे आहेत, ते 15 दिवसांत भरावेत, अन्यथा वसुलीची कारवाई सुरू होईल, असे आपण कळवले आहे. ही रक्कम मला मान्य नाही. त्यातले जे मला द्यायचे आहे ते मी आजच भरले आहे. उरलेल्या रकमेचा बाबवार हिशोब मिळावा, अशी माझी लेखी मागणी आहे.

आपल्या ईमेलमध्ये एकच आकडा आहे. तो कसा तयार झाला ते कळावे म्हणून मी दोन रात्री बसून एप्रिल 2023 पासूनची सगळी बिले, पावत्या आणि बँकेचा उतारा जुळवून पाहिला. त्यातून निघालेले पुढे लिहिते. माझे कुठे चुकले असेल तर खातेवहीतली नोंद दाखवा, मी दुरुस्त करून घेईन.

आधी मान्य रक्कम. जुलै ते सप्टेंबर 2024 या तिमाहीचे 12,450 रुपये माझ्याकडून राहिले होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वर्गणीचा 30 जूनला भरायचा 10,000 रुपयांचा दुसरा हप्ताही राहिला होता. हे दोन्ही मिळून 22,450 रुपये आज संस्थेच्या खात्यात एनईएफटीने जमा केले आहेत. बँकेची पोच सोबत आहे. उशीर माझा आहे, त्यामुळे या दोन रकमांवरचे नियमानुसार होणारे व्याजही मी देईन.

आता राहतात 39,424 रुपये.

यातले 12,450 रुपये जानेवारी ते मार्च 2024 या तिमाहीचे आहेत. ते मी 9 जानेवारी 2024 रोजी एनईएफटीने भरले आहेत. यूटीआर क्रमांक असलेले बँक उताऱ्याचे पान जोडले आहे. पैसे परत आलेले नाहीत, म्हणजे ते संस्थेच्या खात्यात आहेत. मला पावती मिळाली नाही आणि एप्रिलच्या बिलात हीच रक्कम ‘मागील बाकी’ म्हणून आली. त्याबद्दल मी 18 एप्रिलला ईमेल केला होता, त्याला उत्तर आले नाही. रक्कम दुसऱ्या सदनिकेच्या नावावर किंवा अनामत खात्यात पडली आहे का, हे संस्थेच्या बँक उताऱ्यावरून लगेच कळेल.

दुसरे 15,000 रुपये वॉटरप्रूफिंगचे. 24 सप्टेंबर 2023 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक सदनिकेमागे 25,000 रुपये, दोन हप्त्यांत, असे ठरले. त्या सभेला मी हजर होते आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. पहिला हप्ता 20 फेब्रुवारी 2024 रोजी धनादेशाने दिला, त्याची खजिनदारांच्या सहीची पावती माझ्याकडे आहे. तरीही एप्रिलच्या बिलात पूर्ण 25,000 रुपये येणे दाखवले आहेत.

तिसरी बाब बिनभोगवटा शुल्काची. तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण रकमेपेक्षा ती मला जास्त लागली आहे. माझी नाशिकला बदली झाली. त्याची माहिती समितीला असावी म्हणून 2 एप्रिल 2023 ला मी आपण होऊन पत्र दिले. घरात माझी आई राहते, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याच महिन्यापासून बिलात दरमहा 415 रुपये बिनभोगवटा शुल्क लागू लागले. 18 महिन्यांचे 7,470 रुपये झाले. घर भाड्याने दिलेले नाही, कधी दिलेही नव्हते. आई तिथे 2019 पासून राहते. सभासदाच्या कुटुंबातली व्यक्ती राहत असेल तर हे शुल्क लागत नाही, आणि आई कुटुंबात मोडते हे उपविधीतल्या कुटुंबाच्या व्याख्येतच आहे. शिवाय शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने या शुल्काला सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. माझ्या 4,150 रुपयांच्या मासिक बिलात सेवा शुल्क 1,900 रुपये आहे. बाकी मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड वगैरे. म्हणजे घरात भाडेकरू असता तरी 190 रुपयांच्या वर आकारता आले नसते. 415 हे संपूर्ण बिलाचे 10 टक्के आहेत. इमारतीत आणखी काही जणांचे आईवडील असेच राहतात. त्यांच्या बिलांतही ही आकारणी झाली असेल तर तीही तपासावी, ही विनंती.

उरतात 4,504 रुपये. हे व्याज असावे असा माझा अंदाज आहे, कारण ईमेलमध्ये तसा शब्दही नाही. आपल्या उपविधीप्रमाणे व्याज सरळव्याजाने आणि जास्तीत जास्त दरसाल 21 टक्के लावता येते. हा कमाल दर धरला तरी 10,000 रुपयांवर तीन महिन्यांचे 525 आणि 12,450 रुपयांवर, 31 जुलैच्या मुदतीनंतरच्या दोन महिन्यांचे, सुमारे 436 रुपये होतात. दोन्ही मिळून हजाराच्या आत. तेव्हा बाकीचे व्याज मी भरलेल्या किंवा मुळात न लागणाऱ्या रकमांवर लावले आहे का, की व्याजावर व्याज चढले आहे, हे मला समजायला हवे.

म्हणून 1 एप्रिल 2023 ते 30 सप्टेंबर 2024 या काळाचा माझ्या सदनिकेचा खातेउतारा 22 ऑक्टोबरपर्यंत ईमेलने पाठवावा. त्यात प्रत्येक बिलातली प्रत्येक बाब वेगळी असावी, जमा झालेली प्रत्येक रक्कम तारीख व पावती क्रमांकासह असावी आणि व्याज कोणत्या मुद्दलावर, कोणत्या दराने, किती दिवसांचे लावले ते दिसावे. सोबत बिनभोगवटा शुल्क व व्याजदर ज्या ठरावांनी ठरले त्या सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती द्याव्यात. प्रतींचे जे शुल्क असेल ते कळवा, लगेच भरते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ने सभासदाला स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे, त्या आधारे ही मागणी आहे.

दिवाळीसाठी मी 26 ऑक्टोबरला ठाण्यात येत आहे. रविवार, 27 ऑक्टोबरला सकाळी 10 वाजता संस्थेच्या कार्यालयात खजिनदारांसोबत बसून वह्या पाहता आल्या तर बरे होईल. मूळ पावत्या घेऊन येते. अर्ध्या तासात बरेच काही मिटेल.

तोपर्यंत दोन गोष्टी कराव्यात. वसुलीची कारवाई थांबवावी आणि सूचना फलकावरच्या थकबाकीदारांच्या यादीतून बी-604 काढावी. माझी आई 74 वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात लिफ्टपाशी दोघांनी तिला “पैसे कधी भरताय?” असे विचारले. तेव्हापासून ती संध्याकाळी खाली उतरलेली नाही. हिशोबाबद्दल जे बोलायचे ते माझ्याशी बोलावे, खाते माझ्या नावावर आहे. तिला कोणीही विचारू नये.

समितीचे काम विनामोबदला असते आणि ते करणाऱ्यांना बोलणी खावी लागतात, याची मला जाणीव आहे. 2017 ते 2019 मीही समितीत होते. म्हणूनच खातेउतारा काढणे हे एका बैठकीचे काम आहे, हे मला माहीत आहे. 22 तारखेपर्यंत तो मिळाला नाही तर मात्र मला उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज करावा लागेल.

हा ईमेल मिळाल्याची पोच द्यावी आणि तो समितीच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा.

आपली,
वैशाली साठे
सभासद, सदनिका बी-604

सोबत: 9 जानेवारी 2024 चा बँक उतारा, 20 फेब्रुवारी 2024 ची पावती, 2 एप्रिल 2023 च्या पत्राची पोच असलेली प्रत, 18 एप्रिल 2024 चा ईमेल, आज भरलेल्या 22,450 रुपयांची पोच